6 टक्क्यांचा नियम आणि नळाचा फिल्टर: एका मार्केटिंग बजेटची उलटतपासणी

या प्रकरणातली कंपनी काल्पनिक आहे आणि हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे गोल ठेवले आहेत. चलनाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, कारण इथे बघायची आहेत ती प्रमाणं.

कंपनी घरगुती पाण्याचे फिल्टर बनवते. तिचा जुना, चालता माल म्हणजे फिल्टर बसवलेला जग. नवा माल म्हणजे थेट नळाला बसणारा फिल्टर. दोन्हींत कार्ट्रिज असते आणि ती दर सहा महिन्यांनी बदलावी लागते. त्यामुळे खरी कमाई पहिल्या खरेदीपेक्षा पुढच्या कार्ट्रिजवर होते. नळाचा फिल्टर वर्षभर एका छोट्या भागात विकून पाहिला होता. त्याला आपण पायलट म्हणू. आता तो मोठ्या भागात न्यायचा होता.

नेमकं त्याच वर्षी दुकानांच्या एका मोठ्या साखळीने जग ठेवणं बंद केलं. जगची विक्री 6000 लाखांवरून 4800 लाखांवर आली. पायलटमधले 200 लाख धरून एकूण विक्री 5000 लाख झाली.

कंपनीत मार्केटिंगचं बजेट ठरवायला बैठक अशी लागतच नसे. गेल्या वर्षीच्या विक्रीचे 6 टक्के, विषय संपला. आदल्या वर्षी 360 लाख निघाले होते आणि ते सगळे जगवर खर्च झाले. यंदा त्याच नियमाने 300 लाख निघाले. मालानुसार वाटणीही त्याच टक्क्याने होत असल्याने जगला 288 लाख आणि नळाच्या फिल्टरला 12 लाख आले.

मोठ्या भागात नवा माल उतरवायला 12 लाख. मार्केटिंग प्रमुखबाईंनी तो कागद वित्त प्रमुखांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ज्याची विक्री नाही त्याची जाहिरात नाही, आणि जाहिरात नाही म्हणून विक्री नाही. हे कुठवर चालायचं?"

वित्त प्रमुखांनी शांतपणे विचारलं, "मग किती हवेत? आणि तेवढेच का?"

पुढचं सगळं प्रकरण या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतं.

टक्क्याची बाजू

विक्री-टक्केवारी पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे. पाठ्यपुस्तकात तिच्यावरचा आक्षेप एका वाक्यात येतो: जाहिरातीने विक्री व्हायला हवी, इथे विक्रीमुळे जाहिरात होते. आक्षेप खरा आहे, पण ही पद्धत इतकी वर्षं टिकली त्यामागे नुसता आळस नाही. बजेट कमाईच्या आवाक्यात राहतं, भांडणं होत नाहीत, आणि एका धंद्यातल्या सगळ्यांनी साधारण सारखाच टक्का धरला तर खर्चाची चढाओढही लागत नाही.

शिवाय सिद्धांतात टक्क्याला जागा आहे. रॉबर्ट डॉर्फमन आणि पीटर स्टायनर या अर्थशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये दाखवलं की नफा सर्वाधिक व्हायचा असेल, तर जाहिरात खर्चाचं विक्रीशी असलेलं प्रमाण हे जाहिरातीची लवचिकता भागिले किमतीची लवचिकता एवढं असायला हवं. जाहिरातीची लवचिकता म्हणजे जाहिरात 1 टक्का वाढवली तर विक्री किती टक्के वाढते. सोप्या रूपात मांडायचं तर योग्य टक्का म्हणजे ही लवचिकता गुणिले योगदानाचं प्रमाण. योगदान म्हणजे विकलेल्या मालातून त्याचा बदलता खर्च वजा करून हाती राहणारी रक्कम. लवचिकता आणि योगदान दोन्ही स्थिर असतील, तर ठरावीक टक्का ही अगदी शहाणी रीत ठरते.

जगचं योगदान विक्रीच्या 40 टक्के होतं. जाहिरातीच्या लवचिकतेवरचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून 2011 मध्ये सेतुरामन, टेलिस आणि ब्रिएश यांनी सरासरी काढली होती. तात्काळ परिणामासाठी ती साधारण 0.12 आणि दीर्घकाळासाठी 0.24 आली. जगला हेच आकडे लावले तर योग्य टक्का 4.8 ते 9.6 यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. म्हणजे 6 टक्के हा आकडा वेडगळ नव्हता. सरासरी ती सरासरीच, आपल्या मालाला ती जशीच्या तशी लागू पडेल असं नाही. पण आकडा आभाळातून पडलेला नाही एवढं तिच्यावरून कळतं.

मात्र हे सूत्र दोन गोष्टी गृहीत धरतं आणि या वर्षी त्या दोन्ही मोडल्या होत्या. विक्री जाहिरातीशी संबंध नसलेल्या कारणाने पडली होती, आणि नव्या मालाला अजून स्वतःची विक्रीच नव्हती. शून्याच्या जवळपासच्या आकड्याचे कितीही टक्के काढा, हाती काही लागत नाही.

जगचा खर्च 360 वरून 288 करणं म्हणजे 20 टक्के कपात. तात्काळ लवचिकतेने विक्री सुमारे अडीच टक्के घटते, म्हणजे 120 लाख, आणि योगदान 48 लाखांनी कमी होतं. वाचले 72 लाख. पहिल्या वर्षी कपात फायद्याची दिसते. दीर्घ लवचिकता लावली तर विक्री पाच टक्क्यांहून जास्त घटते आणि गेलेलं योगदान 100 लाखांच्या आसपास जातं. तोटा उशिरा येतो आणि येतो तो घटलेल्या विक्रीच्या रूपात. मग तोच नियम पुढच्या वर्षी त्या घटलेल्या विक्रीवर पुन्हा 6 टक्के काढतो. टक्केवारीचा घसरता जिना म्हणावा तो हाच. उतरणाऱ्याला प्रत्येक पायरीवर आपण काटकसर केली असंच वाटत असतं.

पहिला मसुदा: 640 लाख

मार्केटिंग प्रमुखबाईंनी उद्दिष्ट व कार्य पद्धत घेतली. आधी काय साधायचं ते ठरवा, मग त्यासाठी कोणती कामं लागतील ते लिहा, प्रत्येक कामाची किंमत काढा आणि बेरीज करा. ती बेरीज म्हणजे बजेट. रसेल कॉली यांनी 1961 मध्ये मांडलेल्या डॅगमार पद्धतीत उद्दिष्ट कसं असावं याची कडक अट आहे. कोणता ग्राहक, आज कुठे आहे, कुठे न्यायचा आणि किती काळात, ही चारही उत्तरं उद्दिष्टात हवीत. 'ब्रँड बळकट करणे' हे त्या अर्थाने उद्दिष्टच नव्हे, कारण ते साधलं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

त्यांनी घातलेलं उद्दिष्ट या कसोटीला उतरत होतं: वर्षभरात नळाचा फिल्टर टिकून वापरणारी 20,000 घरं. 'टिकून' म्हणजे ज्यांनी कार्ट्रिज एकदा तरी बदलली ती. मग त्या उलट्या दिशेने मोजत गेल्या. पायलटमध्ये घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कार्ट्रिज बदलली होती, म्हणजे 40,000 घरांनी फिल्टर घ्यायला हवा. माल माहीत असलेल्या दर आठ घरांपैकी एकाने घेतला होता, म्हणजे साडेबारा टक्के. त्या हिशेबाने 3.2 लाख घरांना माल माहीत व्हायला हवा. त्या भागात 10 लाख घरं होती आणि पायलटच्या अंदाजाने त्यांतल्या 40 टक्के घरांच्या नळांना फिल्टर बसू शकत होता. म्हणजे खरा बाजार 4 लाख घरांचा, आणि त्यातल्या 80 टक्क्यांना माल ठाऊक हवा.

ओळख 10 टक्के आधीच होती. पायलटच्या अनुभवावरून, 50 टक्क्यांपर्यंत जाताना एका नव्या घराला माल माहीत करून द्यायला 40 लागत. पुढच्या 10 टक्क्यांना घरामागे 90, आणि त्यानंतर 150. हा दर चढत जातो कारण सहज सापडणारी घरं आधी संपतात. उरलेल्यांपर्यंत पोचायचं तर ज्यांनी जाहिरात पाच वेळा पाहिली आहे त्यांनाच ती सहाव्यांदा दाखवल्याचे पैसेही भरावे लागतात. बेरीज अशी झाली: ओळखीसाठी 64 अधिक 36 अधिक 120, म्हणजे 220 लाख. पहिल्या खरेदीवर 100 च्या कूपनचे 40 लाख, कार्ट्रिज बदलण्याच्या आठवणीसाठी घरामागे 25 प्रमाणे 10 लाख, आणि पाहणीसाठी 10 लाख. एकूण 280. जगचे 360 तसेच ठेवले. 640 लाख.

वित्त प्रमुखांनी कागद वाचला आणि एकच गोष्ट विचारली, "पायलटमध्ये माल किती दुकानांत होता?"

उत्तर विक्री विभागाच्या साहेबांकडे होतं. पायलटच्या छोट्या भागात जवळपास सगळ्याच दुकानांत होता. मोठ्या भागात मात्र भारित उपलब्धता 60 टक्के होती. भारित म्हणजे नुसती दुकानं मोजायची नाहीत, फिल्टरच्या एकूण विक्रीतला किती वाटा त्या दुकानांतून जातो ते मोजायचं. शंभर टपऱ्यांत माल आहे आणि एका मोठ्या दुकानात नाही, तर दुकानांची संख्या छान दिसते आणि विक्री होत नाही.

माल माहीत आहे पण जवळच्या दुकानात नाही, असा ग्राहक बहुतेक वेळा दुसरं काहीतरी घेऊन घरी जातो. म्हणून साडेबारा टक्क्यांचा दर मोठ्या भागात ढोबळमानाने साडेसातवर येतो. 4 लाखांतल्या एकूण एक घराला माल माहीत झाला, तरी घेणारे 30,000 आणि टिकणारे 15,000. ज्या 20,000 साठी 280 लाख मागितले होते, ते कितीही जाहिरात केली तरी होणार नव्हते.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडणारी जागा हीच. मसुद्यात चूक होती, आणि ती दिसली ती हिशेबाची साखळी कागदावर मांडलेली होती म्हणून. 300 लाख या आकड्यात चूक कुठे आहे ते शोधता येत नाही. त्यात कुठलं विधानच नाही.

दुसरा मसुदा आणि शेवटचे 10 टक्के

दुसऱ्या मसुद्यात दुकानांचं काम आलं. 500 मोठ्या दुकानांत नळासकट प्रात्यक्षिकाचा स्टँड, पहिल्या मालावर सूट आणि प्रतिनिधीच्या फेऱ्या, दुकानामागे 6000. म्हणजे 30 लाख, आणि त्यातून भारित उपलब्धता 80 टक्के. घेण्याचा दर 10 टक्क्यांवर जातो. उद्दिष्ट कमी करून 12,000 टिकणारी घरं केलं. त्यासाठी 24,000 घेणारे आणि 60 टक्के ओळख. खर्च ओळखीचा 100, दुकानांचा 30, कूपनचा 24, आठवणीचा 6 आणि पाहणीचा 10, एकूण 170 लाख.

वित्त प्रमुखांनी आता वेगळाच प्रश्न काढला. "कामं बरोबर असतील. पण 12,000 च का? 10,000 किंवा 14,000 का नाही?"

उद्दिष्ट व कार्य पद्धतीचं दुखणं इथे आहे. उद्दिष्ट गाठायला काय लागेल ते ती सांगते. उद्दिष्ट तेवढ्या पैशांचं आहे का, हे ती विचारतच नाही. म्हणून बेरीज झाल्यावर योगदानाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तोही सरसकट नाही, शेवटच्या पायरीचा.

नळाचा फिल्टर एकदा विकला की योगदान 400. टिकलेलं घर दोन वर्षं राहतं असं धरलं तर चार कार्ट्रिज, प्रत्येकी 250, म्हणजे 1000. दोन वर्षं हा अंदाज होता, कारण पायलटला एकच वर्ष झालं होतं. या आकड्यांनी पूर्ण योजना 170 लाख घेऊन 216 लाख देत होती. ठीक दिसते.

आता फक्त 50 वरून 60 टक्क्यांवर नेणारी पायरी वेगळी काढा. ओळखीवर 36 लाख जातात. त्यातून 40,000 घरांना माल माहीत होतो आणि 4000 घेतात. त्यांची कूपनं 4 लाखांची, आठवण 1 लाखाची. खर्च 41 लाख. येतात किती? 4000 गुणिले 400 म्हणजे 16 लाख, आणि 2000 टिकलेल्या घरांचे 20 लाख. मिळून 36 लाख. पूर्ण योजना फायद्यात असताना तिच्या पोटातली ही पायरी तोट्यात होती. सरासरी पाहून ती कधी दिसली नसती.

तीच कसोटी दुकानांच्या 30 लाखांना लावली. 50 टक्के ओळखीला उपलब्धता 60 वरून 80 केली की घेणारे 5000 नी वाढतात. कूपन आणि आठवण धरून खर्च 36 लाखांच्या थोडा वर जातो आणि योगदान 45 लाख येतं. ही पायरी राहिली.

मग 50 टक्क्यांवर थांबायचं ठरलं: घेणारे 20,000, टिकणारे 10,000, खर्च 129 लाख.

याच बैठकीत उद्दिष्टातली आणखी एक फट सापडली. अकराव्या महिन्यात फिल्टर घेतलेलं घर टिकलं की नाही हे वर्षाअखेरीस कळणारच नाही, कारण कार्ट्रिज सहा महिन्यांनी बदलायची. म्हणून मोजणीची मुदत 18 महिने केली. त्याचबरोबर पहिल्या वर्षाची खरी तूटही पुढे आली. फिल्टरचे 80 लाख आणि वर्षाच्या आत येऊ शकणाऱ्या कार्ट्रिजचे साडेबारा लाख, म्हणजे 129 समोर साडेब्याण्णव. साडेछत्तीस लाखांचा खड्डा. वित्त प्रमुखांना याची चिंता योग्यच होती. आंतरराष्ट्रीय लेखा मानक 38 नुसार जाहिरातीचा खर्च मालमत्ता म्हणून पुढे ओढता येत नाही, तो झाला त्या वर्षीच खर्ची पडतो. तुम्ही मनात त्याला गुंतवणूक म्हणा, ताळेबंद तसं म्हणू देत नाही.

जगचं काय

नव्या मालावर एवढी मेहनत झाल्यावर जगच्या 360 लाखांनाही तोच प्रश्न विचारला गेला. हे कोणकोणतं काम करतात?

यादी काढली. 180 लाख आठवण देणाऱ्या जाहिराती, 60 लाख दुकानातली मांडणी, 30 लाख कार्ट्रिजवरची कूपनं. उरलेले 90 लाख त्या सोडून गेलेल्या साखळीबरोबर संयुक्त जाहिरातींचे होते, तिच्याच दुकानांत, तिच्याच पत्रकांत. त्या पैशांना आता काही कामच उरलं नव्हतं.

ते वजा केल्यावर 270 उरले. टक्क्याच्या नियमाने 288 दिले होते. आकडे जवळजवळ सारखे, आणि घाईतला वाचक म्हणेल, एवढी उठाठेव कशाला केली? फरक आत आहे. टक्क्याने प्रत्येक ओळ 20 टक्क्यांनी छाटली असती. साखळीच्या मेलेल्या ओळीत 72 लाख शिल्लक ठेवले असते, आणि विक्री टिकवून धरणाऱ्या आठवणीच्या जाहिरातींतून 36 लाख काढून घेतले असते. कामांच्या हिशेबाने मेलेली ओळ पूर्ण गेली आणि जिवंत ओळींना हात लागला नाही. वर, इतर दुकानांत जगची जागा वाढवायला 20 लाख घातले. जग 290, नळ 129, एकूण 419 लाख.

5000 लाखांवर हे 8.4 टक्के होतात. वित्त प्रमुखांनी ते मान्य केलं, पण दोन अटींवर. जगसाठी 6 टक्क्यांची चौकट तपासणी म्हणून राहील, मात्र गेल्या एका वर्षावर नाही, तीन वर्षांच्या सरासरी विक्रीवर. ती 5700 होती आणि तिचे 6 टक्के 342 होत, तेव्हा 290 आत बसले. दुसरी अट नळाच्या फिल्टरबद्दल. आधी 70 लाख मिळतील. चौथ्या महिन्यात ओळख, उपलब्धता आणि घेण्याचा दर हे तिन्ही वेगवेगळे मोजून दाखवायचे, मग पुढचे.

चौथा महिना

ओळख मोजताना पाहणीच्या यादीत अस्तित्वातच नसलेलं एक नाव घातलं होतं. 6 टक्के लोकांनी तेही ऐकलंय म्हणून सांगितलं. 'हे नाव ऐकलंय का' असं विचारलं की माणूस मान डोलावतो. म्हणून आलेल्या 35 मधून तेवढे वजा करून 29 टक्के धरले. वजाबाकी ढोबळ आहे, पण ती न करण्यापेक्षा बरी. पायलटच्या पाहणीतही हेच केलं होतं, नाहीतर दोन्ही आकड्यांची तुलना करता आली नसती.

29 टक्के ओळख वेळेवर होती. उपलब्धता 72, तीही वेळेवर. त्या उपलब्धतेला घेण्याचा दर 9 टक्के यायला हवा होता. आला 6 टक्के. अपेक्षित दहा हजारांच्या पुढे, प्रत्यक्षात जेमतेम 7000.

विक्री कमी दिसताच बैठकीत पहिला आवाज निघाला तो कपातीचा. सवय जात नाही. मार्केटिंग प्रमुखबाईंनी तिन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि म्हणाल्या, "जाहिरात चुकली असती तर पहिला आकडा पडला असता. दुकानं चुकली असती तर दुसरा. तुटलंय ते तिसऱ्या ठिकाणी."

तिसऱ्या ठिकाणी काय ते परत आलेल्या मालाच्या खोलीत सापडलं. घेण्याच्या दरात परत आलेला माल वजा केलेला होता. परतीच्या दर दहा खोक्यांपैकी सातांवर दुकानदाराने एकच गोष्ट लिहिली होती: नळाला बसत नाही. पायलटचा भाग नव्या घरांचा होता आणि तिथल्या नळांचे आटे एका मापाचे होते. मोठ्या भागात जुनी घरं मिसळली होती. '40 टक्के घरांना बसतो' हा हिशेबाच्या साखळीतला अगदी वरचा आकडा, ज्यावर कोणी बोटही ठेवलं नव्हतं, तोच चुकला होता.

उपाय मार्केटिंगचा नव्हता. खोक्यात तीन मापांच्या जोडकड्या घातल्या, नगामागे 20 जास्त, म्हणजे योगदान 400 वरून 380. कड्यांचा माल दुकानांत पोचेपर्यंत दोन महिने जाहिराती थांबवल्या आणि दुसरा हप्ता त्यानंतर सोडला. जाहिरात चालू ठेवली असती तर फिल्टर बसत नाही हे आणखी लोकांना पैसे देऊन कळवल्यासारखं झालं असतं.

वर्षाअखेरीस ओळख 47 टक्के आणि घेण्याचा दर साडेआठ टक्क्यांवर आला. 16,000 च्या आसपास घरांनी फिल्टर घेतला. 18 व्या महिन्यातल्या मोजणीत 8300 टिकलेली निघाली, म्हणजे उद्दिष्टापेक्षा 1700 कमी. खर्च 129 ऐवजी 119 लाख झाला, कारण कूपनं आणि आठवणी प्रत्यक्ष खरेदीवर अवलंबून होत्या आणि ओळखीचे थोडे पैसे उरले. दोन वर्षांचा अंदाज धरून योगदान 145 लाखांच्या आसपास जातं.

पुढच्या वर्षीच्या बजेटच्या तक्त्यात दोन नवे रकाने आले. एकात प्रत्येक आकडा कुठून आला ते लिहायचं: मोजलेला, पायलटचा, की अंदाज. दुसऱ्यात तो आकडा निम्मा झाला तर योजना तरते का ते. टक्क्याची ओळ तळाला आहेच. नळाच्या फिल्टरसमोर, 'घर दोन वर्षं टिकतं' या आकड्यापुढे पहिल्या रकान्यात अजून 'अंदाज' लिहिलेलं आहे. तो निम्मा केला तर 145 चे 103 होतात आणि 119 निघत नाहीत. चौथी कार्ट्रिज विकायची वेळ येईपर्यंत तो रकाना बदलणार नाही, म्हणून यंदा त्या मालाला नवा भाग मिळालेला नाही.